विश्लेषण : ट्रकच्या आधी पोहोचणारी चिठ्ठी, रत्नागिरीच्या आमरसाचे डबे भिवंडीच्या गोदामात 'जमा' कसे होतात?

रत्नागिरीहून माल भरलेला ट्रक हातखंब्याला महामार्गाला लागतो, तेव्हा भिवंडीच्या गोदामात त्याच्या पोटातल्या प्रत्येक पॅलेटची नोंद आधीच तयार असू शकते. कोणत्या पॅलेटवर किती बॉक्स, कोणत्या लॉटचे, कोणत्या तारखेपर्यंत वापरण्याजोगे, हे सगळे ट्रक चिपळूणला पोहोचण्याआधी गोदामाच्या संगणकाला ठाऊक असते. हे काम करणाऱ्या संदेशाला 'अॅडव्हान्स शिपिंग नोटिस' म्हणतात. व्यवहारात त्याला 'एएसएन' एवढेच म्हटले जाते.

मात्र हा संदेश जितका उपयोगी, तितकाच चुकीचा असला तर त्रासदायक. कारण गोदाम त्यावर विश्वास ठेवून माल न मोजता आत घेते. मग पाच बॉक्स कमी असले, तर ते कधी कळते? आणि भुर्दंड कोणावर पडतो?

एएसएन म्हणजे नेमके काय?

आंबा बागायतदारांना ही कल्पना नवी नाही. वाशीच्या बाजारात पेट्या पाठवताना प्रत्येक पेटीवर मार्का टाकायचा, ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यायची आणि अडत्याला फोन करून 'आज एवढ्या पेट्या निघाल्या' असे कळवायचे, ही जुनी पद्धत आहे. पेटीवरचा मार्का, चिठ्ठीवरचा आकडा आणि फोनवरचा निरोप या तिन्हींचा मेळ बसला की माल कोणाचा आणि किती यावर वाद होत नाही.

एएसएन ही त्याच फोनची संगणकी आवृत्ती आहे. फरक एवढाच, की इथे निरोप माणसाकडून माणसाला जात नाही. पुरवठादाराच्या संगणकातून तो थेट गोदामाच्या संगणकात जातो आणि मध्ये कोणी तो पुन्हा टाइप करत नाही. अशा ठरावीक साच्यातल्या संदेशांच्या देवाणघेवाणीला 'इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज' म्हणजे 'ईडीआय' म्हणतात.

या कल्पनेचे मूळ शोधताना साधारणपणे १९४८च्या बर्लिन कोंडीपर्यंत मागे जावे लागते. विमानांनी शहराला अन्नधान्य आणि कोळसा पुरवताना आलेल्या मालाची यादी ठेवणे कठीण झाले होते. प्रत्येक ठिकाणाहून वेगळ्या साच्यातले, वेगळ्या भाषेतले कागद येत. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने टेलेक्स, रेडिओ किंवा फोनवरून पाठवता येईल अशी एकसारखी मालयादी बसवण्याचे काम केले. पुढे ड्यू पाँ या रसायन कंपनीत जाऊन त्यांनीच मालवाहतुकीच्या इलेक्ट्रॉनिक संदेशांचा साचा विकसित केला. माल कोणत्या रूपात येतो यापेक्षा त्याची यादी एकाच रूपात यावी, हा आग्रह तेव्हापासूनचा.

आज यात दोन मोठी घराणी आहेत. अमेरिकेत 'एक्स-१२' नावाचा साचा चालतो आणि त्यात एएसएनचा क्रमांक ८५६ आहे. युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली बनलेला 'एडिफॅक्ट' चालतो आणि त्यातल्या एएसएनचे नाव `DESADV`. लिहिण्याची पद्धत वेगळी, पण सांगायची गोष्ट तीच.

ई-वे बिल असताना हे आणखी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ई-वे बिलातही पाठवणारा, घेणारा, मालाचा प्रकार, नग, किंमत आणि गाडीचा नंबर असतो. पण ते सरकारसाठी आहे. कर भरलेला माल रस्त्यावर आहे ना, एवढे त्याला पाहायचे असते. चारशे बॉक्स गाडीत आहेत हे ई-वे बिल सांगेल. त्यातले कोणते बॉक्स कोणत्या पॅलेटवर आहेत, कोणत्या लॉटचे आहेत, त्यांची मुदत कधी संपते, हे सांगणार नाही. गोदामाला नेमके हेच हवे असते, कारण माल रॅकवर पॅलेटने चढतो आणि दुकानाला जाताना मुदतीच्या क्रमाने उतरतो.

मुदतीचा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. ग्राहकाच्या हाती माल पडताना त्याच्या वापरमुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक असावेत, असे 'एफएसएसएआय'ने नोव्हेंबर २०२४मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले. गोदामाला ही अट पाळायची तर आत येणाऱ्या प्रत्येक पॅलेटची तारीख नोंदवावी लागते. बॉक्सवरची बारीक छपाई वाचून ती टाइप करायची, की ट्रकच्या आधी आलेल्या संदेशातून घ्यायची, एवढाच पर्याय उरतो.

एका ट्रकची गोष्ट

समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कॅनिंग कारखान्याला सुपरमार्केट साखळीची ऑर्डर आली आहे : आमरसाचे ४०० बॉक्स, भिवंडीच्या गोदामात. एका बॉक्समध्ये ८५० ग्रॅमचे १२ डबे. भरलेल्या बॉक्सचे वजन सुमारे १२ किलो. एका लाकडी पॅलेटवर पन्नास बॉक्स, म्हणजे एकूण आठ पॅलेट.

दिवस १८ मे. कॅनिंगचा हंगाम ऐन भरात. संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात ४०० बॉक्सचे बिल तयार होते आणि ई-वे बिलही निघते. रात्री साडेनऊला गाडी भरताना आठव्या पॅलेटवरचे पाच बॉक्स खालून ओले दिसतात. कुठल्यातरी डब्याची शिवण गळते आहे. सुपरवायझर ते पाच बॉक्स बाजूला काढतो. बदली बॉक्स तयार नाहीत. गाडी ३९५ बॉक्स घेऊन निघते.

आता कळीचा प्रश्न : एएसएन कधी तयार झाली? संध्याकाळी पाचला बिलाबरोबर, की रात्री साडेनऊला, शेवटचे पॅलेट स्कॅन करून गाडीचे दार बंद झाल्यावर? पुढचे सारे यावर अवलंबून आहे.

संदेशाच्या आत काय असते?

एएसएन एखाद्या खोक्यात खोके ठेवावेत तशी रचलेली असते. सर्वांत बाहेर संपूर्ण गाडी : निघण्याची वेळ, पोहोचण्याची अपेक्षित वेळ, वाहतूकदार, गाडी क्रमांक, एकूण पॅलेट. त्याच्या आत ऑर्डर क्रमांक. त्याच्या आत प्रत्येक पॅलेट. आणि पॅलेटच्या आत त्यावरचा माल. अमेरिकी ८५६मध्ये या चार पायऱ्यांना गाडी, ऑर्डर, पॅक आणि आयटम अशीच नावे आहेत.

रात्री साडेनऊला तयार झालेल्या बरोबर संदेशात आठव्या पॅलेटपुरत्या ओळी एडिफॅक्टमध्ये साधारण अशा दिसतील. संपूर्ण संदेश बराच लांब असतो. इथे मोजक्याच ओळी घेतल्या आहेत.

```
BGM+351+RTN-118+9'
DTM+11:202605182130:203'
RFF+ON:4500071932'
CPS+9+1'
PAC+1++201'
PCI+33E'
GIN+BJ+095212340000047186'
LIN+1++19521234000126:EN'
QTY+12:45'
```

पहिल्या ओळीतला 351 सांगतो, की ही माल रवाना झाल्याची सूचना आहे आणि तिचा क्रमांक RTN-118. दुसरी ओळ रवानगीची वेळ : १८ मे, रात्री ९.३०. तिसऱ्या ओळीत ऑर्डर क्रमांक; त्याशिवाय गोदामाला हा माल कशापोटी आला ते कळणार नाही. `CPS` ही ओळ खोक्यातले खोके दाखवते. इथे ती म्हणते, की हा नववा गट असून तो पहिल्या गटाच्या आत आहे. पहिला गट म्हणजे अख्खी गाडी, त्यामुळे आठवे पॅलेट नववे ठरते. `PAC` सांगते की हे एक पॅलेट आहे. शेवटच्या दोन ओळींत वस्तू आणि रवाना केलेले नग : ४५.

यातली सर्वांत मोलाची ओळ `GIN+BJ` ही आहे. तिच्यातल्या अठरा आकड्यांना 'एसएससीसी' म्हणतात. हा त्या एका पॅलेटचा स्वतःचा नंबर आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. वस्तूचा बारकोड जगातल्या तशा सगळ्या बॉक्सवर सारखाच असतो. एसएससीसी मात्र एकाच पॅलेटवर असतो. हाच आकडा बारकोडच्या रूपात पॅलेटवर चिकटवलेला असतो. संदेशातला नंबर आणि लेबलवरचा नंबर एक असणे, एवढ्या एका धाग्यावर एएसएनचा सारा कारभार टांगलेला आहे.

हे अठरा आकडे कसे बनतात तेही पाहण्यासारखे आहे. पहिला आकडा पुरवठादार आपल्या सोयीने ठरवतो. त्यानंतर कंपनीचा क्रमांक येतो, जो 'जीएस-१' ही संस्था देते. भारतीय कंपन्यांचा क्रमांक ८९०ने सुरू होतो. वर वापरलेला ९५२ हा फक्त नमुन्यांसाठी राखून ठेवलेला आहे. पुढे कारखान्याने दिलेला अनुक्रमांक, इथे ४७१८वे पॅलेट. शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या सतरा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने ३ आणि १ने गुणून बेरीज करायची. इथे ती ९४ येते. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत, म्हणजे शंभरपर्यंत, सहा कमी पडतात म्हणून शेवटी ६. कोणी नंबर हाताने टाइप करताना एखादा आकडा चुकला तर हा सहा जुळत नाही आणि संगणक तिथेच अडवतो.

लॉट क्रमांक आणि वापरमुदतीची तारीख यांच्या ओळी `LIN`च्या खालोखाल येतात. आपल्या उदाहरणात पहिली सात पॅलेट १४ मेच्या लॉटची आहेत आणि आठवे १६ मेच्या लॉटचे, हे लक्षात ठेवू. ते पुढे कामाला येईल.

गोदामात काय घडते?

ट्रक सकाळी भिवंडीला लागतो. साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. एएसएन आधीच आली असेल तर डॉकवरचा कर्मचारी पॅलेटवरचे लेबल स्कॅन करतो, पडद्यावर '४५ बॉक्स, लॉट अमुक, मुदत अमुक' असे येते, तो होकार देतो आणि पॅलेट रॅककडे जाते. आठ पॅलेट, आठ स्कॅन. एएसएन नसेल तर माथाडी कामगारांकडून पॅलेट मोकळे करून बॉक्स मोजावे लागतात, लॉटनुसार वेगळे करावे लागतात आणि आकडे हाताने भरावे लागतात. तोवर डॉक अडतो आणि मागचे ट्रक रांगेत उभे राहतात.

आता चुकीची एएसएन पाहू. समजा ती संध्याकाळी पाचला बिलावरून बनली होती. तिच्यात आठव्या पॅलेटवर ५० बॉक्स लिहिले आहेत, प्रत्यक्षात ४५ आहेत. डॉकवर लेबल स्कॅन होते, नंबर जुळतो, हिरवी खूण येते. संगणकात ५० बॉक्स जमा. प्लास्टिक गुंडाळलेल्या पॅलेटच्या वरच्या थरात पाच बॉक्स कमी आहेत, हे घाईत कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

काही आठवड्यांनी एखाद्या दुकानाची मागणी येते. संगणक म्हणतो, त्या पॅलेटवर पाच बॉक्स शिल्लक आहेत. काम करणारा तिथे जातो तर फळी रिकामी. दुकानाला माल कमी जातो, गोदाम साठा दुरुस्त करते आणि चौकशी सुरू होते. पाच बॉक्स चोरीला गेले, फुटले, चुकीच्या जागी ठेवले, की आलेच नव्हते? तोवर ट्रकवाला कधीच दुसऱ्या फेरीला गेलेला, पॅलेटचे प्लास्टिक भंगारात. कारखान्याच्या नावे डेबिट नोट निघते आणि ती लढवायला कोणाकडेच पुरावा नसतो. डब्याचा दर दीडशे रुपये धरला, तर साठ डब्यांचे नऊ हजार. रक्कम फार मोठी नाही. खरे नुकसान पुढे आहे : गोदाम त्या पुरवठादाराचा माल 'न मोजता घेण्याच्या' यादीतून काढते. त्यानंतरची प्रत्येक गाडी मोजून घेतली जाते आणि प्रत्येक वेळी डॉकवर खोळंबते.

संदेश रात्री साडेनऊला, स्कॅनवरून बनला असता तर? ट्रक संगमेश्वर ओलांडण्याआधी खरेदी विभागाला ४००ऐवजी ३९५ दिसले असते. उरलेले पाच नंतर पाठवायचे की ऑर्डर तिथेच बंद करायची, याचा निर्णय सकाळपर्यंत झाला असता.

मग बिलावरून एएसएन का बनवतात?

कारण ते सोपे आहे. बिलाचा तपशील सॉफ्टवेअरमध्ये तयार असतो. एक बटण दाबले की त्यातूनच संदेश निघतो. स्कॅनवरून बनवायचा तर पॅलेट बांधताना प्रत्येक बॉक्स स्कॅन करावा लागतो, त्याच क्षणी लेबल छापावे लागते आणि गाडीत चढताना ते लेबल पुन्हा एकदा स्कॅन करावे लागते. हंगामात रात्री दहा वाजता हे कोणाला नको असते.

दुसरे कारण कागदपत्रांचे आहे. पाच बॉक्स कमी झाले की बिल बदलावे लागते. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस लागू असते. ती पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते आणि त्याआधी ई-वे बिल रद्द करावे लागते. त्यानंतर नवे बिल, नवे ई-वे बिल. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अशा वेळी 'पाच बॉक्सचे नंतर बघू, क्रेडिट नोट देऊ' असे म्हणण्याचा मोह होतो. कागदांच्या बाबतीत तो मोह एकवेळ निभावतो, एएसएनच्या बाबतीत नाही. बिल ४००चे राहिले तरी एएसएन ३९५ची जायला हवी, कारण बिल पैशांचा हिशेब सांगते आणि एएसएन गाडीत काय आहे ते सांगते. दोन्ही वेगळे असतील तर फरक उघड दिसतो आणि क्रेडिट नोटीने मिटतो. दोन्ही सारखेच चुकीचे असतील, तर तो दडून राहतो.

फरक पकडायचा कसा?

सर्वांत स्वस्त उपाय वजनाचा. एएसएनमध्ये प्रत्येक पॅलेटचे एकूण वजन लिहिण्याची सोय असते. लाकडी पॅलेट वीस किलोचे धरले तर पन्नास बॉक्सचे पॅलेट ६२० किलो भरते आणि पंचेचाळीसचे ५६०. हात-ट्रॉलीला बसवलेल्या काट्यावरही हा साठ किलोंचा फरक लगेच दिसतो. मात्र वजन प्रत्यक्ष तोललेले हवे. नगांना बाराने गुणून काढलेले वजन लिहिले, तर ते चुकीच्या नगांशी तंतोतंत जुळते आणि काहीच उघड होत नाही.

अख्ख्या ट्रकच्या वजनावर मात्र इथे भरवसा ठेवता येत नाही. रत्नागिरीच्या वजनकाट्यावरची भरलेली गाडी आणि भिवंडीच्या काट्यावरची भरलेली गाडी यांत डिझेलचाच फरक पडतो. लिटरला पाच-सहा किलोमीटर देणारी गाडी साडेतीनशे किलोमीटरमध्ये साठेक लिटर जाळते, म्हणजे जवळजवळ पन्नास किलो. पाच बॉक्सची तूट त्यात सहज लपते.

नग आणि एकक यांचा गोंधळ हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. आपल्या उदाहरणात एका डब्याचा बारकोड `9521234000129` आहे आणि बारा डब्यांच्या बॉक्सचा `19521234000126`. दिसायला जवळपास सारखे. बॉक्सच्या नंबरात पुढे एक आकडा जास्त आणि शेवटचा तपासणी आकडा वेगळा. संदेशात डब्याचा नंबर टाकून पुढे ४५ लिहिले, तर गोदाम ४५ डबे समजते, म्हणजे चार बॉक्सही पूर्ण नाहीत. उलट बॉक्सचा नंबर टाकून ५४० लिहिले, तर ५४० बॉक्स. तफावत बरोबर बारा पटींची असली की चोरी-गळती शोधत बसण्यात अर्थ नसतो. एकक चुकले आहे, एवढेच.

तिसरी खूण म्हणजे 'हा एसएससीसी आधीच जमा झाला आहे' असा डॉकवर येणारा इशारा. कारखान्यात जुन्या एक्सेल फाइलवरून लेबल छापली की कालचाच नंबर आज पुन्हा लागतो. एकदा वापरलेला एसएससीसी माल रवाना झाल्यापासून किमान वर्षभर पुन्हा वापरू नये असा जीएस-१चा नियम आहे. आकड्यांची टंचाई नाही : सात आकडी कंपनी क्रमांकाला अनुक्रमांकासाठी नऊ जागा उरतात, म्हणजे शंभर कोटी पॅलेट.

'पोहोचला' म्हणजे 'मान्य झाला' नव्हे

एएसएन पाठवल्यावर गोदामाच्या संगणकाकडून पोच येते. अमेरिकी साच्यात तिचा क्रमांक ९९७, एडिफॅक्टमध्ये नाव `CONTRL`. ही पोच पाहून अनेक ठिकाणी काम झाले असे समजतात. पण ती एवढेच सांगते, की संदेश वाचता आला, स्वल्पविराम-अर्धविराम जागच्या जागी आहेत. ऑर्डर क्रमांक बंद झालेला आहे, वस्तूचा नंबर गोदामाच्या यादीत नाही किंवा नग ऑर्डरपेक्षा जास्त आहेत, हे तिला कळत नाही. ते सांगणारा संदेश वेगळा असतो आणि प्रत्येक खरेदीदार तो पाठवतोच असे नाही. प्रत्यक्ष किती माल स्वीकारला ते कळवणारा संदेशही वेगळा आहे : एडिफॅक्टमध्ये `RECADV`, अमेरिकी साच्यात ८६१. पुरवठादाराने थांबून वाचायचा संदेश हा. पाठवलेले ३९५ आणि स्वीकारलेले ३९५ त्याच दिवशी जुळले, तर तीन आठवड्यांनंतरच्या डेबिट नोटीला उत्तर हातात असते.

वेळेचाही मुद्दा आहे. संदेश ट्रकच्या नंतर पोहोचला तर त्याचा उपयोग शून्य. रत्नागिरी-भिवंडीसारख्या एका रात्रीच्या प्रवासात हा धोका तसा कमी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी 'ऑफिस उघडल्यावर पाठवू' म्हटले की गाडी आधी पोहोचलेली असते. संदेशातले सर्वांत कमकुवत खाते मात्र पोहोचण्याच्या वेळेचे. परशुराम घाटात दरड आली की ते खोटे ठरते आणि गोदामाने दिलेली डॉकची वेळ हुकते. ते सुधारून पाठवता येते, पण त्यासाठी ड्रायव्हरने कारखान्याला आणि कारखान्याने गोदामाला कळवावे लागते. इथे संगणकाचे काही चालत नाही.

ईडीआयची स्वतःची यंत्रणा बसवणे छोट्या पुरवठादाराला परवडत नाही. अशांना खरेदीदार पोर्टल देतात : लॉग-इन करायचे, ऑर्डर निवडायची, पॅलेटनुसार नग, लॉट आणि तारीख भरायची, लेबल छापायचे. मागे तयार होणारा संदेश तोच असतो. फरक हा, की इथे सारे आकडे माणूस टाइप करतो, त्यामुळे स्कॅन केलेल्या एएसएनइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

लॉट क्रमांक कधी कामाला येतो?

आठवे पॅलेट १६ मेच्या लॉटचे होते आणि त्याच पॅलेटवरचे पाच बॉक्स गळत होते. समजा जूनमध्ये कारखान्याला कळले, की त्या दिवशी डबे बंद करणाऱ्या यंत्राची एक बाजू सैल झाली होती आणि त्या लॉटच्या शिवणी कच्च्या आहेत. कच्च्या शिवणीतून हवा आणि जंतू आत जातात, डबा फुगतो, आतला रस खराब होतो. माल परत मागवावा लागतो.

एएसएनमध्ये पॅलेटनुसार लॉट लिहिलेला असेल तर गोदाम एका शोधात उत्तर देते : १६ मेचा लॉट फक्त शेवटी ७१८६ असलेल्या पॅलेटवर होता, बॉक्स ४५. तेवढेच थांबतात, १४ मेच्या लॉटचे ३५० बॉक्स विक्रीत राहतात. लॉट लिहिला नसेल किंवा पूर्ण गाडीला एकच लॉट टाकला असेल, तर ३९५ बॉक्स थांबवून एकेक उघडून पाहण्यावाचून इलाज नाही. आणि चुकून आठव्या पॅलेटवरही १४ मेचाच लॉट लिहिला असेल, तर त्याहून वाईट : शोध 'काही नाही' असे सांगेल आणि कच्चे डबे दुकानात जातील.

निर्यातदारांसाठी हा विषय कायद्याचाही होतो आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नव्या मागोवा नियमात ताजी उष्णकटिबंधीय फळे आणि मासळी यांचा समावेश आहे, म्हणजे रत्नागिरीचा ताजा आंबा आणि कोळंबी दोन्ही. माल पाठवणाऱ्याने लॉटची ओळख पुढच्या हाती द्यायची, असे तो नियम सांगतो. ती देण्याचा एक मार्ग एएसएनच आहे. नियमाची अंमलबजावणी जुलै २०२८पर्यंत पुढे ढकलली गेली आहे. डबाबंद रस त्या यादीत नाही.

एएसएनची साखळी मात्र गोदामाच्या दारापाशीच संपते. पॅलेट फोडून त्यातले सहा बॉक्स ठाण्याच्या दुकानाला आणि चार डोंबिवलीला गेले, की एसएससीसीचे काम संपले. त्यानंतर कोणत्या दुकानात कोणता लॉट गेला हे कळायचे, तर गोदामाने बॉक्स उचलताना स्वतःच्या नोंदीत तो लिहिलेला असावा लागतो. रत्नागिरीच्या कारखान्याला त्या नोंदी दिसत नाहीत. त्याच्या हातात त्याने पाठवलेला आकडा आणि गोदामाने स्वीकारलेला आकडा, एवढेच असते.